मुख्याध्यापकांना अर्ज: 'जादा तास द्या' की 'तास बदलून द्या'?

समजा सहावीचा वर्ग आहे, मुलं ३६, आणि बाईंना विजेच्या परिपथाचे चार कृतिपाठ घ्यायचे आहेत. 'जादा वेळ व साहित्य मिळावे' एवढाच अर्ज दिला, तर तो बहुधा टेबलावरच पडून राहतो. बिचारे मुख्याध्यापक तरी तास आणणार कुठून?

३५ मिनिटांच्या तासात साहित्य वाटणं आणि आवरणं यातच दहा-बारा मिनिटं जातात. बल्ब पेटेना म्हणून मुलं तारा उलटसुलट लावायला लागतात, तेवढ्यात घंटा! म्हणून जोडतास मागावा, तोही अदलाबदलीने. चार बुधवारी गणिताचा तास विज्ञानाला, शुक्रवारचा विज्ञानाचा गणिताला. गणिताच्या सरांची संमतीची सही अर्जावरच घ्यावी. वेळापत्रकाचं गणित सुटलं की नकाराचं मोठं कारण उरत नाही.

साहित्य गटांवरून मोजावं. सहाजणांचे सहा गट. अडीच व्होल्टच्या टॉर्च-बल्बला दीड व्होल्टचे दोन सेल लागतात, एकावर तो मंदच पेटतो. म्हणजे सेल १२, बल्ब आणि होल्डर सहा-सहा, शिवाय वायर. कोणीतरी बल्ब न जोडताच सेलची दोन्ही टोकं तारेने जोडतंच. सेल तापतो आणि लवकर संपतो. त्यासाठी चार सेल, दोन बल्ब जास्तीचे.

यादीत परत जमा होणाऱ्या आणि संपणाऱ्या वस्तू वेगळ्या लिहाव्यात, दुकानाचं दरपत्रक जोडावं. आणि अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवायला विसरू नका.