खांब तिरके का होतात?

मोबाईल झर्रकन बाजूला फिरवला की व्हिडिओत विजेचे खांब तिरके होतात आणि हात हलला तर जेलीसारखे थरथरतात. कारण सेन्सर अख्खी फ्रेम एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. हेच रोलिंग शटर. समजा, या वाचनाला १/५० सेकंद लागतो आणि तुम्ही सेकंदात ९० अंश फिरलात. तेवढ्यात फोन १.८ अंश वळलेला असतो, म्हणून खांबाचं टोक एकीकडे आणि बुड दुसरीकडे उमटतं!

तेच ९० अंश सहा सेकंदांत फिरा. कोपरं अंगाला टेकवून, कमरेतून. तिरकेपणा एक षष्ठांशच उरतो. ६० एफपीएसवर बऱ्याच फोनचं वाचन लवकर उरकतं, तेही करून बघा. शटर स्पीड वाढवून मात्र उपयोग नाही. धूसरपणा जातो आणि वाकडा खांब उलट जास्तच खुपतो.