एक वजाबाकी, पाच झाडं

९ - ४ - २ याचं उत्तर शाळेतलं कुठलंही पोर ३ असंच सांगेल. डावीकडून वजा करत जायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण मांडणीत तसं कुठे लिहिलेलं नसतं. कोणी आधी ४ - २ केलं आणि आलेले २ नवातून वजा केले, तर उत्तर ७ येतं. संगणकाला आपली सवय ठाऊक नाही. त्याला नियम लिहून द्यावे लागतात, आणि पहिल्या झटक्यात सुचतात ते नियम असे:

```
E → E - E
E → अंक
```

E म्हणजे राशी. दोन राशींमध्ये वजाचिन्ह घातलं की नवी राशी होते, आणि एकटा अंक हीसुद्धा राशीच. हे झालं व्याकरण. एखादी मांडणी या व्याकरणातून कशी तयार झाली, याचं चित्र म्हणजे पार्स ट्री. मुळाशी E, त्याला फांद्या, आणि टोकांना अंक व चिन्हं. मुळाशी जे चिन्ह असतं, ती वजाबाकी सगळ्यात शेवटी होते. ९ - ४ - २ मध्ये दुसरं चिन्ह मुळाशी घेतलं तर ३, पहिलं घेतलं तर ७. दोन झाडं निघाली, म्हणून हे व्याकरण संदिग्ध ठरतं.

एक अंक वाढवून ९ - ४ - २ - १ घेऊ. झाडं मोजायची तर मुळाशी कोणतं चिन्ह आहे, एवढंच विचारायचं. पहिलं असेल तर डावीकडे एकटा ९ आणि उजवीकडे तीन अंक. तीन अंकांची झाडं दोन, म्हणजे १ × २. मधलं असेल तर दोन्हीकडे दोन-दोन अंक, १ × १. शेवटचं असेल तर २ × १. एकूण पाच. त्यांची उत्तरं २, ६, ४, ८ आणि पुन्हा ६. इथे जरा थांबावं: दोन झाडांचं उत्तर सारखं आलं, तरी झाडं वेगळीच आहेत. १ + २ + ३ चं उत्तर कसंही केलं तरी ६ येतं, पण अशाच नियमांत तीही मांडणी संदिग्धच. संदिग्धता झाडांवरून ठरते, उत्तरावरून नाही.

हीच युक्ती पुढे नेली की पाच अंकांना १४, सहा अंकांना ४२ झाडं येतात. या कॅटलान संख्या. बेल्जियन गणिती कॅटलान यांचं नाव त्यांना मिळालं, पण १७५१ मध्येच ऑयलरला त्या बहुभुजाकृतीचे त्रिकोण पाडताना भेटल्या होत्या. अकरा अंकांच्या साध्या वजाबाकीला १६,७९६ झाडं होतात.

आता विद्यार्थी हमखास अडखळतात ती जागा. E पासून सुरू करून एकेक E उलगडत मांडणीपर्यंत पोचणं म्हणजे डेरिव्हेशन. दर वेळी सगळ्यात डावीकडचा E उलगडला तर ते लेफ्टमोस्ट, सगळ्यात उजवीकडचा उलगडला तर राइटमोस्ट. उत्तर ३ देणाऱ्या झाडाची ही दोन्ही रूपं, आधी लेफ्टमोस्ट आणि मग राइटमोस्ट:

```
E ⇒ E-E ⇒ E-E-E ⇒ ९-E-E ⇒ ९-४-E ⇒ ९-४-२
E ⇒ E-E ⇒ E-२ ⇒ E-E-२ ⇒ E-४-२ ⇒ ९-४-२
```

ओळी वेगळ्या दिसतात, म्हणून पुष्कळ जण लगेच ‘संदिग्ध’ असा शिक्का मारतात. पण झाड एकच आहे. या झाडात E पाच वेळा उलगडतो. मुळाचा E सगळ्यांत आधी. मग डावा E, आणि त्यानंतरच त्याची दोन पोरं, हवी ती आधी. उजवीकडचा एकटा E या तिघांच्या आधी, मध्ये किंवा नंतर कुठेही, म्हणजे चार जागी बसतो. २ × ४, असे आठ क्रम. झाडाला क्रमाची पर्वा नसते. कोणता E कशात बदलला एवढंच ते लक्षात ठेवतं. ‘नेहमी डावीकडचा’ अशी अट घातली की आठांतला एकच क्रम उरतो, ‘नेहमी उजवीकडचा’ म्हटलं तरी एकच. त्यामुळे जितकी झाडं तितकीच लेफ्टमोस्ट डेरिव्हेशन्स, आणि तितकीच राइटमोस्ट. संदिग्धता दाखवायची तर एकाच जातीची दोन हवीत. ७ देणाऱ्या झाडाचं लेफ्टमोस्ट असं:

```
E ⇒ E-E ⇒ ९-E ⇒ ९-E-E ⇒ ९-४-E ⇒ ९-४-२
```

वरच्या लेफ्टमोस्टशी ताडून पाहा: दुसऱ्याच पायरीला वाटा फुटतात. हा पुरावा पक्का.

इलाज सोपा आहे. पहिला नियम `E → E - अंक` असा केला की उजवीकडे राशी येऊच शकत नाही, आणि झाड एकच उरतं. यॅकसारख्या पार्सर बनवणाऱ्या साधनात व्याकरण तसंच ठेवून `%left '-'` लिहिलं तरी चालतं. ती ओळ विसरली तर यॅक shift/reduce conflict असा इशारा देतं, पण थांबत नाही. पुढचं चिन्ह आधी आत घेतं. इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून बनवलेला गणकयंत्राचा प्रोग्रॅम ९ - ४ - २ चं उत्तर ७ देतो.