जुन्या ‘जनता’चा दर

“चावीचं घड्याळ आहे, सर्व्हिसिंगला किती घ्याल?” या एका ओळीच्या मेसेजला कुठलाही घड्याळजी खरा आकडा देऊ शकत नाही. दिलाच तर गिऱ्हाईक तुटू नये म्हणून कमी सांगतो आणि पुढे वाढवतो, नाहीतर काम अंगावर नको म्हणून भरमसाट सांगतो. शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला दोन्ही महागात पडतं. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याच्या आतल्या गावातून कल्याण गाठायचं म्हणजे एसटीची वाट बघण्यातच सकाळ जाते. आम्ही किन्हवलीकडचे, आम्हाला निदान आसनगावची लोकल आहे. तरी घड्याळ दाखवायला, मग द्यायला, मग आणायला असे हेलपाटे कोण घालणार? म्हणून मी आधी पत्र लिहिलं. आजकाल ते कागदावर लिहून फोटो पाठवला तरी चालतं, पण लिहायचं पत्रासारखंच.

घड्याळ वडिलांचं, एचएमटी ‘जनता’. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी दाढी झाली की चावी द्यायचे. पांढरी डायल, बारीक काटे, तारीख-वार काही नाही. अशी घड्याळं आमच्या भागात एकेकाळी ग्रामसेवक, तलाठी, कंडक्टर, लग्नातले नवरदेव अशा सगळ्यांच्या मनगटावर असत, आणि आज ती घरोघरी कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात पडलेली आहेत.

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करायला बंगळुरात निघाली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथे मनगटी घड्याळांचा कारखाना सुरू झाला. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग इथेही कारखाने निघाले. ‘जनता’च्या आत सिटिझनच्याच आराखड्यावरचं यंत्र आहे आणि तशाच घराण्याचं यंत्र ‘पायलट’सारख्या इतर मॉडेलांतही सापडतं. ही गोष्ट दराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, म्हणजे कंपनीकडून नवा सुटा भाग येण्याची आशा नाही. आता भाग मिळतो तो कुणा दुकानदाराच्या खणात उरलेल्या जुन्या मालातून, नाहीतर दुसरं मेलेलं एचएमटी उघडून. घड्याळजीला मजुरी आधी सांगता येते. भागाची किंमत मात्र घड्याळ उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

आता यंत्राकडे. चावी फिरवली की डबीतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चाकांची माळ फिरवते, आणि माळेच्या शेवटी पॅलेट नावाचा छोटा आकडा चाकाचा एकेक दात अडवतो आणि सोडतो. त्याला ताल देतं ते बॅलन्सचं चाक, केसासारख्या स्प्रिंगवर मागेपुढे झुलणारं. ‘जनता’त तासाला १८,००० ठोके पडतात, सेकंदाला पाच. दिवसाचे होतात ४,३२,०००. यातले तीनशे ठोके चुकले की घड्याळ दिवसाला एक मिनिट इकडेतिकडे होतं. डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ते दागिन्याचं कौतुक नव्हे. चाकांच्या टोकांसाठी आणि पॅलेटवर जिथे घासलं जातं तिथे बसवलेली ती कृत्रिम माणकं आहेत. बॅलन्सच्या दांडीचं टोक साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचं असतं. ‘पॅरा शॉक’ म्हणजे त्या टोकाखालचं माणिक स्प्रिंगवर बसवलेलं आहे, धक्का बसला तर टोक मोडू नये म्हणून.

हे सगळं चालतं ते तेलाच्या थेंबावर, थेंब म्हणण्याइतकाही तो मोठा नसतो. काही वर्षांनी तेल चिकट होतं आणि मग सुकतं. आमच्याकडे त्यात पावसाळ्याची भर. भातलावणीच्या दिवसांत चिखलाचे हात, बाही ओली, आणि ‘जनता’ काही पाण्याचं घड्याळ नव्हे. ओल आत शिरते ती बहुतेक चावीच्या बाजूने. काचेआतून वाफ धरलेली दिसली की समजावं, चावीची दांडी गंजायला लागली आहे.

पत्र लिहिण्याआधी मी घड्याळाची परीक्षा घेतली. वडील शेवटपर्यंत ते वापरत होते, म्हणून चालवून पाहायला हरकत नव्हती. पूर्ण चावी दिली. हाताच्या चावीचं घड्याळ शेवटी घट्ट होऊन थांबलंच पाहिजे. चावी नुसती फिरतच राहिली तर आतली स्प्रिंग तुटलेली किंवा सुटलेली असते. माझं घट्ट झालं. मोबाइलच्या वेळेला लावलं आणि डायल वर करून टेबलावर ठेवलं. चोवीस तासांनी सुमारे चाळीस सेकंद मागे. मग पुन्हा पूर्ण चावी देऊन चावीची बाजू खाली करून, उभं टेकवून ठेवलं. या वेळी ते चार मिनिटांहून जास्त मागे पडलं आणि दिवस संपायच्या आत थांबलं. धड घड्याळ एका चावीत दीड दिवस तरी काढतं.

या फरकात निदान आहे. घड्याळ आडवं असतं तेव्हा बॅलन्सची दांडी एका टोकावर, जवळजवळ बिंदूवर उभी असते, घर्षण कमी. उभं केलं की दोन्ही टोकं कडेवर घासतात. तेल सुकलेलं असेल किंवा टोक झिजलेलं असेल तर झोका लहान होतो आणि घड्याळ मागे पडतं. म्हणजे आडवं बरं आणि उभं वाईट, हे मळाचं किंवा झिजेचं लक्षण. याउलट घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे धावत असेल तर बहुधा केसस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटताहेत, तेलाने किंवा चुंबकत्वाने. साध्या होकायंत्राच्या सुईजवळ घड्याळ न्या. सुई बॅलन्सच्या तालावर थरथरली तर दोष चुंबकाचा, आणि तो काढणं मिनिटाभराचं काम आहे. “चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं” असं लोक म्हणतात ते मात्र खोटं. पूर्ण चावी असून बंद, याचा अर्थ ताकद आहे, पण वाटेत कुठेतरी अडली आहे.

मग हे पत्र कल्याणच्या एका घड्याळजींना पाठवलं:

“स. न. वि. वि.

वडिलांचं एचएमटी जनता, हाताच्या चावीचं, १७ ज्वेल्स, आपल्याकडे दुरुस्तीला द्यायचं आहे. पुढचा, मागचा आणि चावीच्या बाजूचा असे तीन फोटो सोबत आहेत. मागचं झाकण आम्ही उघडलेलं नाही. पूर्वी कुणी उघडलं असल्यास माहीत नाही.

पूर्ण चावी घट्ट होते. डायल वर असताना दिवसाला सुमारे चाळीस सेकंद मागे. चावी खाली असताना चार मिनिटांहून जास्त मागे पडून दिवसाच्या आत बंद. वेळ लावायला चावी ओढली की कधी कधी सटकते. पावसाळ्यात काचेआतून वाफ धरते. पडल्याचं आठवत नाही.

कृपया पुढील दर वेगवेगळे कळवावेत: उघडून तपासणीचा, सगळे भाग सुटे करून धुणं आणि तेल देण्याचा, चावी व दांडी बदलावी लागल्यास त्याचा, नवी काच बसवण्याचा. याखेरीज भाग लागल्यास बसवण्याआधी विचारावं. एकूण खर्च पंधराशेच्या वर जात असेल तर काम थांबवून कळवावं.

डायल रंगवू नये, काटे बदलू नयेत, केसला पॉलिश करू नये. काढलेले जुने भाग परत द्यावेत. काम किती दिवसांत होईल आणि त्यानंतर किती महिने जबाबदारी घ्याल तेही लिहावं.

कळावे, लोभ असावा.”

यातल्या डायलच्या ओळीवर घरात वाद झाला. बहिणीचं म्हणणं, डाग पडलेत तर नवीन का करू नये? माझं उत्तर असं की जुन्या एचएमटीच्या नावाखाली बाजारात रंगवलेल्या डायलांचा सुळसुळाट आहे. कारखान्यात कधी न निघालेले रंग, जाडसर छापलेली अक्षरं, कुठल्याही केसमध्ये कुठलंही यंत्र. एकदा डायल रंगवली की आपलंही घड्याळ त्याच ढिगात जातं. पॉलिशचं कारण वेगळं. ‘जनता’च्या केसवर क्रोमचा मुलामा असतो. घासलं की चमक येत नाही, मुलामा उडतो आणि खालचा पिवळा धातू दिसतो. काच मात्र खुशाल बदलावी. ती खरं तर प्लास्टिकची असते, आणि नव्या काचेने घड्याळ जितकं उजळतं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

“सगळे भाग सुटे करून” हेही मुद्दाम लिहिलं. घाईच्या दुकानात झाकण काढून आख्खं यंत्र पेट्रोलमध्ये बुडवतात, वाळवतात आणि वरून तेल सोडतात. घड्याळ लगेच टिकटिकतं, गिऱ्हाईक खूश. पण माणकांच्या भोकातला मळ तसाच राहतो, आणि नको तिथे गेलेलं तेल केसस्प्रिंगला चिकटतं. नीट कामात आधी स्प्रिंगची ताकद सोडतात, मग बॅलन्स, पॅलेट, चाकं एकेक काढतात, धुतात आणि जागेप्रमाणे तेल देतात: बॅलन्सला पातळ, मुख्य स्प्रिंगला जाड, पॅलेटच्या दांडीला अजिबात नाही. दोन कामांच्या दरात फरक असणारच, आणि कुठलं काम हवं ते सांगितल्याशिवाय दर विचारण्यात अर्थ नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. घड्याळजींनी चारही दर वेगळे दिले आणि पुढे लिहिलं, “दांडी गंजली असणार, ती ‘पायलट’ची चालते, माझ्याकडे आहे. बॅलन्सच्या टोकाचं बघितल्यावर सांगतो.” हीच ओळ मला हवी होती. जो माणूस न बघता बोलायचं काय आणि बघून बोलायचं काय हे वेगळं करतो, त्याच्याकडे घड्याळ द्यायला हरकत नाही.

उघडल्यावर अंदाज बरोबर निघाला. दांडी तांबूस झाली होती, तेल डिंकासारखं घट्ट, बॅलन्सची टोकं मात्र शाबूत. दांडी, चावी आणि काच एवढंच बदललं, आणि बिल मर्यादेच्या आत राहिलं. देताना त्यांनी घड्याळ ठोके ऐकणाऱ्या छोट्या यंत्रावर ठेवून दाखवलं. आडवं असताना बॅलन्सचा झोका २७० अंशांच्या आसपास, उभं केल्यावर थोडा कमी. आता दोन्ही स्थितींत मिळून फरक अर्ध्या मिनिटाच्या आत आहे. पन्नाशीकडे झुकलेल्या साध्या घड्याळाकडून याहून जास्त मागू नये.

तुमच्या घरात असं घड्याळ असेल आणि ते अनेक वर्षं बंदच असेल, तर माझ्यासारखी परीक्षा घेऊ नका. कोरड्या टोकांवर चालवलं तर जे शाबूत आहे तेही झिजतं. पत्रात एवढंच लिहा की घड्याळ अमुक वर्षांपासून बंद आहे, चावी दिलेली नाही. आणि दुरुस्त होऊन आल्यावर जून ते सप्टेंबर ते शेतावर घालून जाऊ नका.