‘सर्व साहित्यासह’ म्हणजे नक्की काय?

श्रावण सरत आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक ठरावीक मजकूर फिरायला लागतो: ‘घरगुती गणेशपूजा. अनुभवी गुरुजी. सर्व साहित्यासह, योग्य दरात. आजच बुक करा.’ खाली एक फोन नंबर असतो. चतुर्थीच्या सकाळी घरात तीनच प्रश्न असतात. गुरुजी किती वाजता येणार, आपण काय काढून ठेवायचं आणि शेवटी द्यायचे किती? या मजकुरात त्यांतल्या एकाचंही उत्तर नाही. पूजेची सेवा देणाऱ्यांनी ही उत्तरं आधीच लिहून दिली, तर यजमान आणि गुरुजी दोघांचाही सणाचा दिवस सुखाचा जातो.

वेळेचा घोळ बहुतेक वेळा मुहूर्ताच्या गैरसमजातून सुरू होतो. पार्थिव गणपतीची स्थापना अमुक मिनिटालाच व्हायला हवी, असं अनेकांना वाटतं. शास्त्राने त्यासाठी मध्यान्हकाळ मुख्य मानला आहे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे पाच सारखे भाग केले की तिसरा भाग मध्यान्ह. भाद्रपदात मुंबई-पुण्याकडे तो साधारण सकाळी ११.२० ते दुपारी १.५० असा येतो. पण शहरात एकेका गुरुजींकडे अनेक घरं असतात आणि ती सगळी या अडीच तासांत बसत नाहीत. म्हणून पहाटेपासून मध्यान्ह संपेपर्यंत कधीही पूजा केली तरी चालते, असं पंचांगकर्तेही सांगतात. जाहिरातीत ही एक ओळ असली, तरी ‘आम्हाला मुहूर्तावरच हवं’ म्हणणारे निम्मे फोन कमी होतील.

आता एका गुरुजींची सकाळ मांडून पाहू. एका घरची पूजा पाऊण तासाची आणि पुढच्या घरी पोहोचायला अर्धा तास धरला, तर वेळा अशा पडतात: पहाटे ५, मग ६.१५, ७.३०, ८.४५, १०, ११.१५ आणि शेवटची १२.३०. कागदावर सात घरं नीट बसतात. प्रत्यक्षात कुठे आरतीला शेजारचे यायचे असतात, कुठे लिफ्ट बंद असते, कुठे यजमान अजून सोवळं नेसत असतात. प्रत्येक घरी फक्त दहा मिनिटं जास्त गेली, तरी सातव्या घरी गुरुजी १.३० वाजता पोहोचतात आणि पूजा संपेपर्यंत मध्यान्ह उलटून जातो. त्यामुळे ‘वेळ: १२.३०’ असं लिहिणं खोटं आश्वासन ठरतं. त्याऐवजी असं लिहावं: ‘गुरुजी १२ ते १२.४५ या वेळेत पोहोचतील. हे त्यांचं सहावं घर आहे. आधीच्या घरून निघताना तुम्हाला फोन येईल. पूजेला ४५ मिनिटं लागतात, आरती वेगळी.’ सहावं घर म्हटल्यावर उशीर झाला तर तो का झाला, हे यजमानाला न सांगता कळतं. सेवा देणाऱ्यानेही एका गुरुजींना सहाच्या वर घरं देऊ नयेत आणि मधे एक वेळ मोकळी ठेवावी.

साहित्याच्या बाबतीत सगळा घोटाळा ‘सर्व’ या शब्दापाशी होतो. पुडा उघडला की हळद, कुंकू, गुलाल, अष्टगंध, शेंदूर, जानवं, कापसाची वस्त्रं, सुपाऱ्या, खारीक-बदाम, हळकुंडं, अत्तर, उदबत्ती, कापूर, वाती एवढं बहुधा निघतं. हे टिकाऊ सामान आठ दिवस आधी घरपोच देता येतं. अडतं ते ताज्या वस्तूंपाशी. विड्याची पानं, नारळ, पाच फळं, दूर्वा, जास्वंद आणि पत्री कोण आणणार? पंचामृताचं दूध-दही कोणाचं? प्राणप्रतिष्ठेच्या वेळी दूर्वांनी मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावतात. तिथपर्यंत आल्यावर फ्रिजमधला तुपाचा डबा शोधायला कोणी उठलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष मोडतं.

पत्रीबद्दल तर स्पष्ट लिहायलाच हवं. पूजेत एकवीस पत्री सांगितल्या आहेत. त्यांत माका, बेल, आघाडा, शमी, डोरली, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, देवदार अशी नावं येतात. एरवी गणपतीला न वाहिली जाणारी तुळसही या एका दिवशी चालते. पण बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या जुडीत पुष्कळदा रस्त्याकडेचा कसलाही पाला बांधलेला असतो. शहरात सगळ्या एकवीस पत्री मिळणं कठीणच, हे मान्य. मग ‘एकवीस पत्री’ असं छापण्यापेक्षा ‘पत्री: दूर्वा, बेल, तुळस, शमी, आघाडा, माका, डाळिंब, जाई. बाकीच्यांच्या जागी दूर्वा किंवा अक्षता वाहू’ असं लिहिणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो.

या यादीसारखीच दुसरी यादी हवी, ती यजमानाने घरी काढून ठेवायच्या वस्तूंची: पाट किंवा चौरंग, समई, निरांजन, ताम्हन, पळी-पंचपात्र, कलश, घंटा, दोन वाट्या तांदूळ, पाच छोट्या वाट्यांत दूध, दही, तूप, मध, साखर, आणि नैवेद्य. ही यादी आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाठवली तर उत्तम, कारण घरात खरी तयारी तेव्हाच सुरू होते.

पैशांचं बोलायला आपल्याला संकोच वाटतो. ‘दक्षिणा यथाशक्ती’ हे शब्द गुरुजी घरचेच असतात तिथे शोभतात. अनोळखी गुरुजी पहिल्यांदा येतात तिथे त्यामुळे दोघांचीही पंचाईत होते. उदाहरणादाखल आकडे घेऊ. दक्षिणा १,५०० रुपये, टिकाऊ साहित्य ४५०, ताजी फुलं-पत्री-फळं ३५० आणि प्रवास १५०, मिळून २,४५० रुपये. मजकुरात हा एकूण आकडा आधी ठळक यावा, फोड त्याच्या खाली. साहित्य स्वतः आणणाऱ्याला ८०० रुपये कमी पडतील, हेही तिथेच कळावं. पूजेत विड्यावर ठेवायची सुटी नाणी या रकमेत धरली आहेत की नाहीत, यावरून हमखास गोंधळ होतो. म्हणून ‘विड्यावरची दक्षिणा वेगळी, ती ऐच्छिक’ अशी एक ओळ हवी.

हे फोन-वॉट्सॲपच्या ओळखीवर चालणाऱ्यांनी पाळावं असं मी म्हणते. वेबसाइट किंवा ॲपवरून बुकिंग घेणाऱ्यांना मात्र कायद्यानेच पाळावं लागतं. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, सक्तीचे आणि ऐच्छिक आकार वेगवेगळे, असं दाखवावं लागतं. ‘प्रसादाचे मोदकही हवेत’ यासारख्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही. ग्राहकाने रद्द केल्यावर पैसे कापायचे असतील, तर स्वतः ऐन वेळी रद्द केल्यावर तसाच भुर्दंड सोसायची सेवा देणाऱ्याचीही तयारी हवी.

रद्द करण्याच्या अटी लिहिताना सुतकाचा विचार झालाच पाहिजे. घरात कोणी गेलं की पूजा होत नाही, आणि हे कोणाच्या हातात नसतं. अशा वेळी दक्षिणा आणि प्रवासाची रक्कम पूर्ण परत आणि उघडलेल्या साहित्याचेच पैसे वजा, एवढं लिहिलं तर त्या घराला त्या दिवसांत कोणाशी वाद घालावा लागत नाही. आणि उलट बाजूने, गुरुजींच्याच घरी सुतक आलं तर बदली गुरुजी कोण पाठवणार, हेही त्याच परिच्छेदात यावं.

राहता राहिली उत्तरपूजा. दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी विसर्जनाआधी ती बहुतेक घरी घरचीच माणसं करतात. गुरुजी पुन्हा येणार नसतील तर तसं स्पष्ट लिहावं आणि उत्तरपूजेचा विधी मराठीत छापलेला एक कागद साहित्याच्या पुड्यात घालावा. त्याला खर्च फार येत नाही, आणि विसर्जनाच्या संध्याकाळी गुरुजींना येणारे फोनही वाचतात.