दुसऱ्या खोलीत चित्र का फुटते?

दिवाणखान्यातील टीव्ही स्वच्छ दिसतो. मात्र शयनगृहातील टीव्हीवर चित्राचे चौकोनी तुकडे पडतात, आवाज तुटतो आणि काही वाहिन्या 'नो सिग्नल' एवढाच संदेश दाखवितात. दोन्हीकडे स्वतंत्र सेट टॉप बॉक्स असूनही असे होत असेल, तर संशयाची सुई बहुधा दारामागच्या लहानशा स्प्लिटरकडे वळते.

स्प्लिटर हा विभागणी करणारा आहे. दोन तोंडांचा स्प्लिटर प्रत्येक तोंडाला निम्म्याहून थोडी कमी शक्ती देतो. तंत्रज्ञांच्या भाषेत ही घट सुमारे ४ डेसिबल, तर चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ८ डेसिबल असते. एखादे तोंड रिकामे असले, तरी त्याच्या वाट्याची शक्ती इतरांना मिळत नाही. दोनच टीव्ही असलेल्या घरात 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून चार तोंडांचा स्प्लिटर बसविणे म्हणूनच नुकसानीचे ठरते.

समजा, घरात येणाऱ्या केबलवर ५८ डेसिबल मायक्रोव्होल्ट एवढा सिग्नल आहे. चार तोंडांच्या स्प्लिटरनंतर तो ५० उरतो. शयनगृहापर्यंतच्या २५ मीटर केबलमध्ये उच्च वारंवारितेच्या वाहिन्यांचे आणखी ४ ते ५ डेसिबल खर्ची पडतात. बॉक्सला साधारण ४७ ते ५० तरी हवे असतात, म्हणून याच वाहिन्या आधी जातात. पूर्वी अॅनालॉग प्रक्षेपणात अशा वेळी पडद्यावर मुंग्या येत, पण चित्र दिसत असे. मुंबईसह महानगरांत २०१२ पासून केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे झाले, आणि ती मधली अवस्थाच उरली नाही.

येथे १२ डेसिबलचा अॅम्प्लिफायर उपयोगी पडतो, मात्र तो स्प्लिटरच्या आधी बसविला तर. ५८ चे ७० होतात, विभागणीनंतर ६२ आणि शयनगृहात ५७ मिळतात. टीव्हीजवळ बसविल्यास तो आधीच क्षीण झालेला सिग्नल त्यातील गोंगाटासह वाढवितो. स्वतःचा थोडा गोंगाटही त्यात भर घालतो.

खरेदीपूर्वी एक चाचणी मात्र अवश्य करावी. स्प्लिटर काढून येणारी केबल थेट बॉक्सला जोडावी आणि बॉक्सच्या मेनूतील सिग्नलची तीव्रता व गुणवत्ता पाहावी. येथेही गुणवत्ता कमी असेल, तर दोष घराबाहेरचा आहे, तो केबलचालकानेच दूर करावयाचा आहे. गंजलेला कनेक्टर किंवा जिन्यातील पाणी शिरलेली तार अॅम्प्लिफायरने दुरुस्त होत नाही. उलट सिग्नल मुळातच जोरदार असेल, तर अतिरिक्त वाढीने बॉक्सवर ताण येऊन तीच तुटक चित्रे दिसू लागतात. केबलवरूनच इंटरनेट घेणाऱ्यांनी, परतीचा मार्ग खुला ठेवणारा अॅम्प्लिफायर आहे ना, याची खात्री करून घ्यावी. एकमार्गी उपकरणाने मोडेमच बंद पडतो.