तात आणि म्हातारा

गीत रामायणातलं ‘पराधीन आहे’ आणि ‘सांगत्ये ऐका’ चित्रपटातली बुगडीची लावणी, दोन्ही गाणी ग. दि. माडगूळकरांची. पहिलं १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या मालिकेतलं, सुधीर फडक्यांच्या चालीतलं. दुसरं १९५९ सालचं, वसंत पवारांचं संगीत आणि आशा भोसल्यांचा आवाज. एक चित्रकूटावर भरताची समजूत घालणाऱ्या रामाचं, दुसरं मैत्रिणींना गळ घालणाऱ्या एका मुलीचं. कवी एकच आणि काळही जवळचा. त्यामुळे शब्दांच्या निवडीनं गाण्याचा भाव कसा बदलतो हे पाहायला ही जोडी फार सोयीची आहे.

त्यातून दोन्ही गाण्यांचा मूळ मुद्दाही एकच आहे. राम सांगतो की घडलं त्यात कुणाचा दोष नाही, आणि मुलगीही तेच सांगते. फरक इतकाच, की रामाचं आपण ऐकून घेतो आणि मुलीचं ऐकून गालात हसतो.

रामाची भाषा आधी पाहू. दैवजात, कर्मजात, पूर्वसंचित, राज्यत्याग असे संस्कृत जोडशब्द पहिल्या काही ओळींतच येतात. त्यांचं एक वैशिष्ट्य चटकन लक्षात येत नाही: त्यांना कर्ता नसतो. कैकेयीनं वर मागितला, दशरथानं तो दिला, रामाला वनात जावं लागलं, अशी साधी वाक्यं केली की प्रत्येक क्रियापद ‘कुणी?’ असं विचारतं आणि त्या प्रश्नाबरोबर दोषही येतो. ‘राज्यत्याग’ म्हटलं की क्रिया नाम होऊन बसते आणि करणारा दिसेनासा होतो. म्हणजे इथं संस्कृत शब्द केवळ भारदस्तपणासाठी आलेले नाहीत. दोष कुणाचाच नाही हे रामाचं म्हणणं व्याकरणच पार पाडतं. शोकही त्यामुळे घरातला राहत नाही, जगाच्या नियमाएवढा होतो, आणि तेवढ्यानंच तो थोडा सोसवतो.

लावणीतली मुलगी हेच काम एका क्रियापदावर भागवते: सांडली. बुगडी कानाच्या वरच्या कडेला घट्ट बसवलेला दागिना. ती ‘काढली’ म्हटलं तर कुणी काढली हे सांगावं लागेल, आणि ‘हरवली’ म्हटलं तर निष्काळजीपणा अंगावर येईल. ‘सांडली’मध्ये दूध उतू जावं तशी वस्तू आपली आपण गेलेली असते. इथंही कर्ता गायब. पण हा शब्द घरातला, रोजच्या तोंडातला. त्यात सबब ऐकू येते, आणि ती सांगणारी कोण हेही दिसतं. ‘दैवजात’ शब्दाला वय नसतं, गाव नसतं. ‘सांडली’ला दोन्ही आहेत.

आता वडील. राम म्हणतो ‘तात’, मुलगी म्हणते ‘म्हातारा’. ‘तात’मध्ये नातं आहे, पण माणसाचा चेहरा नाही. तो शब्द कोणत्याही राजपुत्रानं कोणत्याही राजाबद्दल वापरावा असा आहे. म्हणूनच मृत्यूची बातमीही त्या शब्दासोबत धीरानं सांगता येते. ‘म्हातारा’ म्हणताच मात्र ओसरीवर बसलेला एक विशिष्ट माणूस उभा राहतो, ज्याला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला आहे. क्षणभर शंकाही येते की हा बाप की म्हातारा नवरा? पुढे ‘बाबा’ हा शब्द येतो तेव्हा ती फिटते. मैत्रिणींत ‘म्हातारा’ आणि घरात आदरार्थी अनेकवचनातले ‘बाबा’. एवढ्या अदलाबदलीतून तिचं वय, धाक आणि खट्याळपणा कळतो. शिवाय ‘म्हातारा’चं यमक ‘सातारा’शी जुळवलं आहे. जवळजवळ अख्खा शब्द जुळला की यमक कानाला विनोदासारखं लागतं.

शब्दाचा वाटा नेमका किती हे पाहायचं असेल तर त्याच मात्रांचा दुसरा शब्द बसवून पाहावा. लावणीत ‘नका’ऐवजी ‘नगा’ आहे. लघू-गुरू दोन्हींत सारखेच, तीन मात्रा. चाल जराही हलत नाही. पण ‘नका’ म्हणून पाहा: विनंती शाळेतल्या पुस्तकातली होते आणि मैत्रिणींचं कोंडाळं नाहीसं होतं. उलट बाजूनं ‘तात’च्या जागी ‘बाप’ ठेवा. मात्रा पुन्हा तीनच, पण कैकेयीचा उल्लेख शेजारीच असल्यामुळे त्यात लगेच तक्रार ऐकू येते. मात्रा जिथं जुळत नाहीत तिथं ही परीक्षा चालत नाही, कारण मग ओळ अडखळते आणि आपण त्या अडखळण्यालाच भाव समजतो.

ही परीक्षा माडगूळकरांनी स्वतःच एका ठिकाणी करून ठेवली आहे. ‘पराधीन आहे’च्या ध्रुवपदात ‘मानव’ आहे. त्याच गाण्यात समुद्रात भेटणाऱ्या दोन ओंडक्यांचं कडवं आहे आणि तिथं ‘माणूस’ येतो. ‘मानवाचा’ आणि ‘माणसांचा’, दोन्हींच्या मात्रा सात. छंदाची कसलीही सक्ती नव्हती. ओंडक्यांची उपमा मूळची वाल्मीकींची. तिथं ‘काष्ठ’ आहे, आणि ‘काष्ठ’ मराठीत जसंच्या तसं चाललंही असतं. पण इथं ओंडका, लाट, गाठ, मेळ असे ओबडधोबड घरगुती शब्द ओळीनं येतात. आधी ‘वत्सा’ म्हणणारा राम इथं ‘बाळा’ म्हणतो. तोवर तो जगाचा नियम सांगत होता. इथं मात्र तो धाकट्या भावाशी बोलतो आहे. हे कडवं लोकांच्या तोंडी इतकं बसलं, त्यात उपमेइतकाच भाषा खाली उतरण्याचाही वाटा आहे असं मला वाटतं. सगळंच गाणं या भाषेत असतं तर ते उतरणं जाणवलंच नसतं.

हे कडवंही शुद्ध बोलीतलं नाही, हेही पाहण्यासारखं आहे. त्यात ‘तेंवि’ हा ज्ञानेश्वरीच्या वळणाचा शब्द आहे, आणि पुढच्याच ओळीत ‘आसू’ आणि ‘लोचन’ शेजारी शेजारी बसले आहेत. लावणीतही तसंच. ‘नगा’, ‘टकमक’, ‘तोबा’ यांच्या जोडीला ‘मजवर’ येतं, आणि शेजारचा तरुण खुणेनं बोलावतो त्यासाठी ‘बाहणे’ हे जुनं काव्यातलं क्रियापद येतं. बोलीची खूण पटवायला तीन-चार शब्द पुरतात. बाकीची भाषा कवीला यमकासाठी मोकळी राहते. नकली लावणी ओळखायची खूण इथंच आहे. तिच्यात दर शब्दाला गावरान मुरड असते, आणि ऐकणारा त्या मुलीबरोबर हसण्याऐवजी तिलाच हसू लागतो. तत्सम शब्दांच्या गाण्याचं दुखणं वेगळं. जोडशब्द ओळीला ओळ लागत गेले आणि मध्ये कुठंच ‘बाळा’ आला नाही, की बोलणारा माणूस हरवतो आणि मागे निमंत्रणपत्रिकेची भाषा उरते.

अर्थात चाल आणि आवाज यांचाही भाव घडवण्यात मोठा हात असतो. तो वजा करायचा तर दोन्ही गाणी एकदा न गाता, बोलून वाचावीत. लावणी बोलून वाचली तरी मिस्कील राहते. रामाचं गाणं मात्र ओंडक्यांच्या कडव्यापर्यंत प्रवचनासारखं वाटतं, आणि तिथं वाचणाऱ्याचा स्वर आपोआप खाली येतो.