‘एक दिवस’ आणि ‘२४ तास’ एकच असतात का?

नेहमीच नाही! न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ रोजी पहाटे २ वाजता घड्याळं थेट ३ वर नेली गेली. त्यामुळे तो दिवस २३ तासांचाच होता. आता ९ मार्चच्या सकाळी ९ मध्ये २४ तास मिळवले, तर येतात १० मार्चचे सकाळचे १०. ‘एक दिवस’ मिळवला, तर मात्र ९च.

मग वापरायचं काय? रोज ९ चा अलार्म हवा असेल, तर स्थानिक वेळेत एक दिवस मिळवा. २४ तासांच्या पासची मुदत मोजायची असेल, तर तास मिळवा.

भारतात घड्याळ बदलत नाही, म्हणून भारतीय वेळेवर चाचणी केली तर ही चूक दिसतच नाही. टाइमझोन `America/New_York` ठेवून हीच तारीख तपासा.